जुन्या कॅटलॉगशी जुळणारी नवी उत्पादनचित्रे : संदर्भचित्रे आणि त्यांचे वजन कसे वापरावे

सोलापुरातील टेरी टॉवेल आणि चादरींच्या अनेक उत्पादकांकडे आज स्वतःच्या नावाचा माल असतो, स्वतःचे वेष्टन असते आणि कधीकाळी एखाद्या जाणत्या छायाचित्रकाराकडून काढून घेतलेला कॅटलॉगही असतो. अडचण त्यानंतर सुरू होते. नवे उत्पादन येते, छायाचित्रकाराची तारीख मिळत नाही, आणि घरातला किंवा कार्यालयातला एखादा तरुण चित्रे तयार करणाऱ्या एआय साधनावर नवे चित्र बनवून देतो. चित्र सुटे पाहिले तर देखणे असते, पण जुन्या चित्रांशेजारी ठेवले की ते दुसऱ्याच कंपनीचे वाटते. हा फरक कशामुळे पडतो आणि संदर्भचित्रांच्या साहाय्याने तो कसा कमी करता येतो, हे येथे एका उदाहरणातून पाहू. साधन मिडजर्नीचे घेतले आहे आणि सर्व आकडे तिच्या सातव्या आवृत्तीचे आहेत. इतर साधनांत बटणांची नावे बदलतात, परंतु कामाची रीत फारशी बदलत नाही.

समजा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील एका टॉवेल-उत्पादकाचा कॅटलॉग आपल्यासमोर आहे. त्यात पांढरे, मोहरी रंगाचे आणि निळे टॉवेल आहेत. ते करड्या शहाबादी फरशीवर घडी करून ठेवले आहेत, मागे चुन्याची भिंत आहे, डाव्या खिडकीतून ऊन येते आणि कुठे कुठे पितळी घंगाळ दिसते. आता याच उत्पादकाने बाटली-हिरव्या रंगाचा बाथरोब काढला असून त्याचे चित्र या कॅटलॉगात शोभेल असे हवे आहे.

संदर्भ तीन प्रकारचे असतात, आणि त्यांची कामे वेगळी आहेत

नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ येथेच होतो. चित्र जोडण्याचा पर्याय दिसला की जुना फोटो जोडायचा आणि ‘असेच कर’ अशी अपेक्षा ठेवायची. परंतु ‘असेच’ म्हणजे नेमके काय, हे साधनाला आपण निवडलेल्या संदर्भाच्या प्रकारावरूनच कळते.

पहिला प्रकार शैली-संदर्भाचा. त्यासाठी `--sref` लिहितात आणि त्याचे वजन `--sw` ने ठरते. हे वजन 0 ते 1000 पर्यंत जाते आणि काहीच लिहिले नाही तर ते 100 धरले जाते. हा संदर्भ चित्रातील प्रकाश, रंगांचा मेळ, पोत आणि एकूण वातावरण उचलतो. वस्तू उचलणे हे त्याचे काम नव्हे. दुसरा प्रकार म्हणजे प्रॉम्प्टच्या, म्हणजे साधनाला लिहून दिलेल्या सूचनेच्या, सुरुवातीलाच चित्राचा दुवा देणे. त्याचे वजन `--iw` ने ठरते, ते 0 ते 3 असते आणि मूळचे 1 असते. हा संदर्भ चित्रात काय आहे आणि कुठे आहे हेही घेतो, म्हणजे मांडणी, वस्तू, आकार आणि रंग सगळेच. तिसरा प्रकार `--oref`, ज्याला ओम्नी रेफरन्स म्हणतात. त्याचे वजन `--ow` ने ठरते, ते 1 ते 1000 असते आणि मूळचे 100 असते. एखादी विशिष्ट वस्तू किंवा व्यक्ती नव्या चित्रात आणण्यासाठी तो आहे. एका वेळी त्यात एकच चित्र देता येते आणि त्यासाठी नेहमीच्या दुप्पट संगणकवेळ खर्च होतो.

कॅटलॉगशी जुळणी हे मुख्यतः पहिल्या प्रकाराचे काम आहे. बाथरोबच्या चित्रासाठी घडी केलेल्या टॉवेलाचा फोटो `--iw` लावून दिला, तर साधन बाथरोबचीही घडी करून फरशीवर ठेवू पाहते आणि घंगाळही जिथल्या तिथे आणून बसवते. त्यात साधनाचा दोष नाही, कारण आपण मांडणीच मागितली होती.

कॅटलॉग आधी शब्दांत लिहून काढावा

साधन उघडण्याआधी कॅटलॉगातली दहा-बारा चित्रे पडद्यावर एकत्र मांडून त्यांचे साधे वर्णन लिहावे. प्रकाश कोणत्या बाजूने येतो, सावलीची कड धारदार आहे की विरघळलेली, कॅमेरा वस्तूच्या उंचीवर आहे की वरून पाहतो, भोवती मोकळी जागा किती सोडली आहे आणि पार्श्वभूमी कशाची आहे, एवढे पुरते. ‘सुंदर’, ‘पारंपरिक’, ‘प्रीमियम’ असले शब्द येथे उपयोगाचे नाहीत, कारण त्यांवरून चित्र तपासता येत नाही. ‘ऊन डावीकडून, सावली उजवीकडे आणि मऊ’ हे तपासता येते.

याच वेळी चित्र-संपादकातील रंग टिपण्याचे साधन वापरून भिंतीच्या आणि फरशीच्या रंगाचे आकडे टिपून ठेवावेत. आपल्या उदाहरणात भिंतीचा उजळ भाग लाल 226, हिरवा 219, निळा 206 च्या आसपास आहे असे धरू. हे आकडे प्रॉम्प्टमध्ये लिहायचे नाहीत, कारण अशा आकड्यांवरून साधन अचूक रंग देत नाही. ते शेवटच्या तपासणीसाठी लागतात.

संदर्भचित्रे तीन-चारच, पण विचार करून

चांगल्या संदर्भसंचाची कसोटी अशी की, त्या चित्रांत शैली समान असावी आणि बाकीचे शक्य तितके वेगळे असावे. साधनाला शैली आणि वस्तू यांतली सीमारेषा आपल्यासारखी स्पष्ट दिसत नाही. तिन्ही चित्रांत घंगाळ असेल, तर घंगाळ हाही शैलीचाच भाग मानला जाण्याचा धोका असतो. तिन्ही टॉवेल पांढरे असतील, तर पांढऱ्याकडचा ओढा नव्या बाथरोबच्या हिरव्या रंगातही उतरतो.

म्हणून आपल्या कॅटलॉगातून एक पांढऱ्या टॉवेलाचे, एक मोहरी रंगाचे आणि एक निळ्याचे चित्र घ्यावे. त्यांपैकी फार तर एकातच घंगाळ असावे. एक चित्र जवळून घेतलेले आणि एक लांबून घेतलेले असावे. कंपनीचे नाव, किंमत किंवा ‘नवीन’ असा शिक्का असलेली पाने घेऊ नयेत. घ्यावीच लागली तर तो भाग कापून टाकावा, नाहीतर नव्या चित्राच्या कोपऱ्यात अक्षरांसारखी दिसणारी, पण वाचता न येणारी नक्षी उगवते. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेले फोटोही टाळावेत. त्यांतला दाबलेला, चौकटी पडलेला पोत नव्या चित्रात येऊ शकतो. मूळ फाइली छायाचित्रकाराकडून मागून घेण्याचे कष्ट येथे सार्थकी लागतात.

छायाचित्रांच्या हक्कांचाही विचार आधीच करावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम सांगणारा असतो. तेव्हा छायाचित्रकाराशी झालेला करार एकदा वाचून पाहावा. दुसऱ्या ब्रँडचा कॅटलॉग संदर्भ म्हणून वापरणे मात्र सरळ टाळावे.

पहिले चित्र संदर्भाविना काढावे

ही पायरी बहुतेक जण वगळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारी पायरी हीच आहे. संदर्भ न जोडता केवळ शब्दांवर साधन काय देते हे पाहिल्याशिवाय, पुढे संदर्भामुळे नेमके काय बदलले हे समजणार नाही.

```
bottle green terry cotton bathrobe hanging from
a wooden peg, whitewashed wall, grey limestone
slab floor, window light from left
--ar 4:5 --v 7 --raw --s 50 --seed 4107
```

यात ‘शहाबादी’ शब्द वापरलेला नाही, कारण साधनाला तो ओळखीचा असेल याचा भरवसा नाही; करडी चुनखडीची लादी असे वर्णन सुरक्षित पडते. `--raw` मुळे साधन स्वतःहून चित्र सजवण्याचे कमी करते. `--s` हे साधनाच्या स्वतःच्या आवडीचे प्रमाण आहे. ते 0 ते 1000 असते आणि मूळचे 100 असते. आपल्याला साधनाची आवड नको असून कॅटलॉगाची हवी आहे, म्हणून ते 50 पर्यंत उतरवले आहे. हा आकडा मोठा ठेवून वर शैली-संदर्भ दिला, तर दोन्ही एकमेकांना ओढत राहतात. `--seed` चा आकडा कोणताही चालतो, मात्र तुलना संपेपर्यंत तो बदलू नये. त्यामुळे प्रत्येक वेळी सुरुवात एकाच जागेवरून होते आणि दिसणारा फरक मुख्यतः आपण बदललेल्या गोष्टीमुळे आहे असे म्हणता येते.

हे पहिले चित्र बहुधा परदेशी स्पाच्या जाहिरातीसारखे निघते. भिंत गुळगुळीत, प्रकाश सगळीकडून सारखा, आणि कोपऱ्यात न मागितलेली एखादी कुंडी किंवा मेणबत्ती. ते जपून ठेवावे. पुढची सगळी मोजणी त्याच्याशी करायची आहे.

वजन पायरीपायरीने चढवावे

आता त्याच ओळीच्या शेवटी तीन चित्रांचे दुवे जोडून वजन 100 ठेवावे, आणि नंतर फक्त वजनाचा आकडा बदलत 50, 250 आणि 500 अशी चित्रे काढावीत. दुसरे काहीही बदलू नये, एक शब्दसुद्धा नाही.

```
--sref URL1 URL2 URL3 --sw 100
```

चारही पायऱ्यांची चित्रे जुन्या कॅटलॉगाच्या दोन चित्रांसह एका रांगेत लावावीत आणि बोटभर आकाराची करून पाहावीत. लहान आकारात बाथरोबचे तपशील दिसेनासे होतात आणि प्रकाश, रंग, मोकळी जागा एवढेच उरते, म्हणजे नेमके जे जुळवायचे आहे तेच.

वजन कमी पडल्याची खूण अशी की, चित्र पहिल्या, संदर्भाविना काढलेल्या चित्राशेजारी अधिक शोभते. भिंतीवर चुन्याचा खडबडीतपणा नसतो, सावली फिकी असते आणि ऊन डावीकडून येत असल्याचे जाणवत नाही. वजन जास्त झाल्याची खूण वेगळी असते. प्रॉम्प्टमध्ये न मागितलेल्या वस्तू संदर्भातून घुसू लागतात. खुंटीखाली घंगाळ येते, फरशीवर टॉवेलाची घडी येते, आणि बाथरोब लटकण्याऐवजी बाह्या दुमडून बसल्यासारखा दिसू लागतो. त्याच वेळी हिरवा रंग करडा किंवा पिवळट होत जातो. वस्तू घुसायला लागली की वजनाची वरची मर्यादा ओलांडली आहे असे समजावे आणि दोन पायऱ्यांच्या मधला आकडा घ्यावा. आपल्या उदाहरणात 100 ला सावली कमी आणि 250 ला घंगाळ हजर, असे झाले तर 160 किंवा 180 पाहणे योग्य. हा आकडा दुसऱ्याच्या कामातून उचलता येत नाही, कारण तो संदर्भचित्रांवर अवलंबून असतो. ज्यांची शैली ठळक आहे ती चित्रे कमी वजनातही जोर दाखवतात, आणि फिक्या शैलीच्या चित्रांना जास्त वजन द्यावे लागते.

कधीकधी वजन योग्य असते, परंतु तीन संदर्भांपैकी एकाचा वरचष्मा होतो. अशा वेळी एकूण वजन न बदलता चित्रांमधला वाटा बदलावा. समजा पहिल्या चित्रातले ऊन आपल्याला अधिक हवे आहे. तर त्याचा वाटा दुप्पट करता येतो.

```
--sref URL1::2 URL2::1 URL3::1 --sw 160
```

हे आकडे परस्परांच्या तुलनेत असतात. त्यामुळे 2, 1, 1 लिहिले काय किंवा 4, 2, 2 लिहिले काय, अर्थ एकच. एखादे चित्र सतत त्रास देत असेल तर त्याचा वाटा घटवत बसण्यापेक्षा ते काढूनच टाकावे.

प्रॉम्प्टमधील शब्दांनीही शैली-संदर्भाशी भांडू नये. संदर्भातले ऊन उबदार असताना शब्दांत ‘थंड निळसर प्रकाश’ लिहिला, तर वजन कितीही चढवले तरी दोहोंची भेसळच हाती येते. शब्दांत वस्तू, तिची जागा आणि तिचा रंग सांगावा. प्रकाशाचे वर्णन संदर्भाशी जुळणारे असेल तरच ठेवावे.

रंगाचा प्रश्न वेगळा सोडवावा

शैली-संदर्भ रंगांचा मेळ जुळवतो, नेमकी छटा जुळवत नाही. म्हणून निवडलेल्या चित्रात भिंतीचा तोच उजळ भाग टिपून आकडे पाहावेत. नव्या चित्रात तो 228, 214, 188 आला, तर लाल जवळजवळ तेवढाच आहे, हिरवा किंचित कमी आहे, पण निळा 18 ने घटला आहे. म्हणजे संपूर्ण चित्र पिवळट झाले आहे. हे वजन बदलून सुटत नाही. फोटोशॉप, गिंप किंवा फोटोपी अशा कोणत्याही संपादकात रंगसमतोल निळ्याकडे थोडा सरकवला की दोन मिनिटांत काम होते. नवशिके अशा ठिकाणी प्रॉम्प्ट पुन्हा पुन्हा लिहीत बसतात, त्याची गरज नाही.

बाथरोबच्या हिरव्या रंगाचा निकष मात्र कॅटलॉग नसून प्रत्यक्ष कापड आहे. ग्राहक बाथरोब हातात घेऊन त्याच रंगाची अपेक्षा करणार, म्हणून रंगाचा नमुना दिवसाच्या उजेडात धरून चित्राशी ताडून पाहावा.

माल खराच ठेवावा

आतापर्यंतची रीत वातावरणासाठी पुरेशी आहे. परंतु त्या चित्रातला बाथरोब आपला नाही, साधनाने कल्पिलेला आहे. चित्र पूर्ण मोठे करून कापड पाहिले की हे लगेच कळते. टेरीच्या कापडावर ताण्याच्या धाग्यांचे उभे लूप असतात आणि जवळून पाहिल्यास ते सुटे दिसतात. साधनाने काढलेल्या कापडात बहुधा ते एकमेकांत वितळतात आणि बाथरोब मायक्रोफायबरचा किंवा लोकरीचा वाटू लागतो. खिसा एका बाजूलाच असतो, पट्ट्याचे हूक असमान असतात, कॉलरची शिवण मध्येच नाहीशी होते.

येथे `--oref` ची आठवण होते. खऱ्या बाथरोबचा स्वच्छ फोटो देऊन वजन 100 ते 300 दरम्यान ठेवले तर बेत, लांबी, कॉलरचा आकार बऱ्यापैकी येतो. हे वजन 400 च्या वर नेल्यास चित्राचा दर्जा बिघडू लागतो. समाजमाध्यमावरील लांबून घेतलेल्या चित्रासाठी एवढे चालू शकते. परंतु विक्रीच्या पानावर ते पुरेसे नाही, आणि जॅकार्ड चादरीसाठी तर मुळीच नाही. सोलापुरी चादरीची नक्षी ठराविक क्रमाने पुन्हा पुन्हा येते. साधन तिच्यासारखी दिसणारी नक्षी काढते, पण क्रम पाळत नाही. किनारीजवळचे फूल मध्यापर्यंत जाता जाता वेगळेच होते. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. अशा मालाच्या चित्रात न विणलेली नक्षी दाखवणे ग्राहकाची फसवणूक ठरू शकते, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे.

म्हणून माझा सल्ला असा की, विक्रीच्या चित्रासाठी साधनाकडून केवळ रिकामा देखावा घ्यावा. वरच्याच ओळीतून बाथरोब काढून खुंटी, भिंत आणि फरशी ठेवावी, तेच संदर्भ आणि तेच वजन लावावे. त्यानंतर खरा बाथरोब साध्या भिंतीपुढे टांगून, कॅमेरा त्याच उंचीवर ठेवून आणि प्रकाश डाव्या खिडकीतून घेऊन फोटो काढावा. कारखान्यातील ट्यूबलाइट बंद करावी, नाहीतर दोन रंगांचा प्रकाश मिसळतो आणि हिरव्याची छटा नंतर सावरत नाही. बाथरोब कापून देखाव्यावर बसवल्यावर सगळ्यात महत्त्वाची असते सावली. ती उजवीकडे पडली पाहिजे, भिंतीला टेकलेल्या भागाजवळ गडद आणि पुढे विरघळत गेली पाहिजे, आणि देखाव्यातील खुंटीच्या सावलीच्या दिशेशी तिची दिशा मिळाली पाहिजे. चित्र चिकटवलेले दिसते ते बहुधा कडेच्या कापणीपेक्षा या सावलीमुळे.

पुढच्या उत्पादनासाठी काय जपावे

काम मनासारखे झाल्यावर पूर्ण ओळ, तिन्ही संदर्भांच्या मूळ फाइली, `--seed` चा आकडा, वजने आणि आवृत्ती एका फोल्डरमध्ये जपून ठेवावीत. आवृत्ती ओळीतच लिहिलेली बरी, कारण साधनाची मूळ आवृत्ती बदलली की तेच वजन वेगळा परिणाम देते. नवी आवृत्ती वापरायची ठरवल्यास 50, 100, 250, 500 या पायऱ्या पुन्हा एकदा चढून पाहाव्यात.

बाजारात न आलेल्या मालाचे काम असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. मिडजर्नीवर तयार केलेली चित्रे मूळ व्यवस्थेनुसार इतरांनाही दिसू शकतात, आणि ती खासगी ठेवण्याची सोय फक्त प्रो व मेगा या वरच्या योजनांत आहे. साधी योजना असेल तर रिकामा देखावाच तेथे बनवावा आणि नव्या मालाचा फोटो आपल्या संगणकावरच त्यात बसवावा.

तयार झालेले नवे चित्र कितीही आवडले तरी पुढच्या वेळी त्याला संदर्भ म्हणून वापरू नये. त्यात साधनाची थोडी स्वतःची आवड मिसळलेली असते. त्यावरून दुसरे आणि दुसऱ्यावरून तिसरे काढत गेल्यास प्रत्येक वेळी भिंत थोडी गुळगुळीत आणि ऊन थोडे सोनेरी होत जाते, आणि शेजारी शेजारी पाहिल्याशिवाय ते लक्षात येत नाही. नंतर चादरीचे, नॅपकिनचे किंवा लहान मुलांच्या टॉवेलाचे चित्र हवे असले तरी संदर्भ छायाचित्रकाराने काढलेल्या त्या मूळ तीन चित्रांचेच द्यावेत.